परिच्छेदाची उलटतपासणी

इतिहासाच्या उत्तरातले विषयांतर चुकीच्या माहितीपेक्षा बरोबर माहितीतूनच जास्त येते. लिहिलेले सगळे खरे असते, सनावळी अचूक असते, घटना त्याच काळातल्या असतात, आणि तरीही परीक्षक समासात 'प्रश्नाला धरून नाही' असा शेरा मारतो. लिहिणाऱ्याला हा अन्याय वाटतो, कारण त्याच्या मते त्याने विषय कुठेच सोडलेला नसतो. ते खरेही असते. त्याच्या हातून सुटलेला असतो तो प्रश्न. लिहिण्याच्या ओघात विषय आणि प्रश्न यांतले अंतर लक्षात येत नाही. पण उत्तर पूर्ण झाल्यावर प्रश्नातले नेमके शब्द अधोरेखित करून एकेका परिच्छेदाला त्यांच्यासमोर उभे केले, तर ते लपूनही राहत नाही. ही तपासणी कशी करायची ते एका प्रश्नावर शेवटपर्यंत चालवून पाहू.

प्रश्न असा आहे: '1875 च्या दख्खनच्या दंग्यांना शेतसाऱ्यातील वाढ कितपत कारणीभूत होती? चर्चा करा.'

कोणत्या शब्दांखाली रेघ ओढायची

बहुतेक जण इथे 'दख्खनचे दंगे' आणि 'शेतसारा' या दोन शब्दांखाली रेघ ओढतात आणि लिहायला लागतात. हे दोन्ही शब्द विषय सांगतात. प्रश्न ज्या शब्दांत आहे ते मात्र लहान आणि साधे दिसतात, म्हणून रेघेविना राहतात. या प्रश्नात चार ठिकाणी रेघ हवी, आणि प्रत्येक रेघेखाली तो शब्द आपल्याकडे काय मागतो हे चार-पाच शब्दांत लिहून ठेवायला हवे.

पहिली रेघ '1875 च्या दख्खनच्या दंग्यांना' याखाली. ही हद्द आहे: पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावे आणि 1875 चा उन्हाळा. दुसरी रेघ 'वाढ' या शब्दाखाली, आणि ती 'शेतसारा' या शब्दापासून वेगळी. रयतवारी पद्धतीचा इतिहास कोणी विचारलेला नाही. सारा वाढला कधी, कुठे आणि किती, एवढेच विचारले आहे. तिसरी रेघ 'कारणीभूत' याखाली. हा शब्द दंग्यांच्या आधीच्या काळाकडे बोट दाखवतो, म्हणजे दंग्यांनंतर काय झाले हे सहसा या उत्तरात बसत नाही. चौथी रेघ 'कितपत' याखाली, आणि ती दुहेरी ओढावी. कारण हा शब्द मोजमाप मागतो. सारावाढ हे एक कारण होते एवढे सिद्ध करून भागत नाही. इतर कारणांशेजारी ठेवून तिचे वजन सांगावे लागते.

यातला एक शब्द बदलला की उत्तर कसे बदलते तेही पाहा. 'दंग्यांची कारणे स्पष्ट करा' असे म्हटले असते, तर कापूस, सावकारी आणि सारावाढ यांना साधारण सारखी जागा देता आली असती. 'दंग्यांचे परिणाम सांगा' म्हटले असते, तर सारावाढ एका वाक्यात आटोपली असती. माहितीचा साठा तिन्ही वेळा तोच, पण उत्तरे तीन वेगळी.

तपासायला घेतलेले उत्तर

आता असे समजू की एका विद्यार्थ्याने सात परिच्छेदांचे उत्तर लिहिले आहे. पहिल्यात 1818 साली पेशवाई संपल्यापासून सुरुवात करून त्याने रयतवारी पद्धत सांगितली आहे: प्रिंगलची फसलेली पाहणी, मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसवलेली नवी आकारणी. दुसऱ्यात अमेरिकेतले यादवी युद्ध आणि कापसाची तेजी आहे. तिसऱ्यात 30 वर्षांची मुदत संपल्यावर झालेली फेरआकारणी. चौथ्यात सावकार आणि कर्जरोखे. पाचव्यात दंग्यांची हकिगत. सहाव्यात 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. सातव्यात समारोप.

वाचायला हे उत्तर चांगले आहे. एकही गोष्ट विषयाबाहेरची नाही. म्हणूनच ते तपासायला हवे.

समासात एक वाक्य

पद्धत साधी आहे. एक परिच्छेद वाचायचा, त्यावर हात ठेवायचा, आणि त्यातून काय सिद्ध झाले ते समासात एका वाक्यात लिहायचे. 'रयतवारीची माहिती' किंवा 'कापसाबद्दल' अशी नोंद चालणार नाही, कारण ती नुसता विषय सांगते. क्रियापद असलेले पूर्ण वाक्य हवे. मग त्या वाक्याला 'म्हणून सारावाढ दंग्यांना अमुक इतकी कारणीभूत होती' हे जोडून पाहायचे. सांधा बसला तर परिच्छेदापुढे 'ठेवा' असे लिहायचे. मजकूर कामाचा आहे पण सांधा बसत नाही, असे दिसले तर 'वळवा'. आणि कितीही ताणले तरी बसत नसेल तर 'काढा'.

पहिला परिच्छेद घेऊ. समासातले वाक्य असे होते: 'मुंबई इलाख्यात रयतवारी आकारणी दोन टप्प्यांत बसवली गेली.' यापुढे 'म्हणून सारावाढ' जोडता येत नाही, कारण वाढीचा त्यात पत्ताच नाही. प्रिंगलची आकारणी जड होती आणि शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, ही माहिती खरी आहे, पण ती दंग्यांच्या चाळीसेक वर्षे आधीची. या परिच्छेदात प्रश्नाच्या उपयोगाची गोष्ट एकच आहे: 1836 नंतरची आकारणी 30 वर्षांसाठी होती. तिसऱ्या परिच्छेदातली वाढ 1860 च्या दशकाच्या अखेरीस का झाली, हे त्या मुदतीमुळे कळते. तेवढे वाक्य तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी न्यायचे आणि बाकीचे काढायचे. पार्श्वभूमीच्या परिच्छेदाचे बहुधा असेच होते. त्यातले एखादेच वाक्य जगते.

दुसरा परिच्छेद जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात असे लिहिले आहे: 'अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध सुरू झाले आणि ब्रिटनच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस जवळपास बंद झाला. हिंदुस्थानातल्या कापसाला मोठी मागणी आली. दख्खनमधल्या सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने उचल दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले.' माहिती नेटकी आहे. समासातले वाक्य होते: 'तेजीत शेतकरी कर्जात गेला आणि मंदीत अडकला.' हे कारण आहे खरे, पण सारावाढीचे वजन ते सांगत नाही. तरी हा परिच्छेद काढायचा नाही, कारण 'कितपत' या शब्दाला इतर कारणे लागतात. तो वळवायचा. शेवटी एवढे जोडले की पुरे: 'फेरआकारणीचे वाढीव दर याच उतरत्या भावाच्या वर्षांत लागू होऊ लागले. त्यामुळे तेजीत कदाचित पेलवली असती ती वाढ मंदीत जड झाली.' आता कापूस आणि सारावाढ यांचा संबंध लागला. वाढीचा जाच भावांवर कसा अवलंबून होता, हे सांगणारा हा परिच्छेद आता प्रश्नाच्या कामाला लागला आहे.

तिसऱ्या परिच्छेदाचे वाक्य: 'मुदत संपलेल्या तालुक्यांत सारा मोठ्या प्रमाणात वाढवला गेला, काही ठिकाणी 50 ते 100 टक्क्यांपर्यंत.' हा उत्तराचा कणा आहे. ठेवा. तो उत्तरात तिसरा आहे, ही मात्र अडचण आहे. परीक्षकाला प्रश्नातला मुख्य शब्द पहिल्यांदा इथे भेटतो आणि तोवर उत्तराचा मोठा भाग संपलेला असतो. याची जागा पहिली.

चौथा परिच्छेद सावकारांचा. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरला. कायद्याचा हेतू व्याज साचू नये हा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. वाक्य होते: 'रोख्यांच्या व्यवहारामुळे कर्ज फुगत गेले.' पुन्हा इतर कारण, म्हणजे पुन्हा 'वळवा'. इथे दुवा सोपा आहे. सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्याला भरावा लागे आणि हातात रोकड नसली की रयत ती सावकाराकडून उचले. सारा वाढला की उचल वाढे आणि उचल वाढली की रोखा वाढे. हे वाक्य नसेल तर सारावाढ आणि सावकारी ही दोन वेगवेगळी कारणे उत्तरात शेजारी शेजारी उभी राहतात. ते आले की एकातून दुसरे कसे बळावत गेले हे दिसते.

पाचवा परिच्छेद हकिगतीचा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले, ते जाळले, काही दुकाने लुटली. मग हे लोण नगर जिल्ह्यात पोचले. वाक्य होते: 'दंगे सुप्यात सुरू झाले आणि पसरले.' एवढ्यावर हा परिच्छेद काढून टाकावासा वाटेल. पण हकिगतीत कधी कधी पुरावा दडलेला असतो, म्हणून हात उचलून परिच्छेद पुन्हा वाचावा. शेतकऱ्यांनी काय जाळले? रोखे आणि वह्या. रोख कोणावर होता? सावकारांवर, सरकारी कचेऱ्या त्यांचे लक्ष्य नव्हत्या. सारावाढीचे वजन ठरवताना ही बाब थेट उपयोगी आहे. राग सरकारी साऱ्यापेक्षा त्या कागदांवर होता, असे त्यातून म्हणता येते. समासातले वाक्य आता बदलते: 'हल्ल्याचे लक्ष्य पाहता तात्कालिक कारण सावकारी कर्ज दिसते.' परिच्छेदातली तारीख आणि जागा राहू द्यायची, लुटीचे वर्णन दोन वाक्यांवर आणायचे, आणि शेवट या निष्कर्षावर करायचा.

सहावा परिच्छेद 1879 च्या कायद्याचा. 'कारणीभूत' या शब्दाने त्याला आधीच बाहेर ठेवले आहे. कायद्याच्या तरतुदी कितीही नीट पाठ असल्या तरी काढा. विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते ते हेच, कारण पाठ केलेले खोडणे म्हणजे मेहनत वाया गेल्यासारखे वाटते. एक पळवाट मात्र प्रामाणिक आहे: दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने सरकारी साऱ्याला कारण मानले नाही आणि दोष सावकारीवर ठेवला, एवढे एक वाक्य ठेवता येते. पण सारा लावणाऱ्या सरकारनेच हा आयोग नेमला होता, ही नोंदही त्याच वाक्यात हवी. आयोगाचे मत हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

सातवा परिच्छेद म्हणतो: 'अशा प्रकारे दख्खनच्या दंग्यांना अनेक कारणे जबाबदार होती.' हे समासात वेगळे लिहायची गरजच नाही, तो स्वतःच एका वाक्याचा आहे. आणि 'कितपत' या शब्दासमोर तो पूर्ण गप्प आहे. नव्याने लिहायला हवा.

शब्द बदलून पाहा

वर दुवा जोडण्याबद्दल बोललो, तिथे एक धोका आहे. काही जण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी प्रश्नातले शब्द चिकटवतात: 'यावरून शेतसाऱ्यातील वाढ दंग्यांना कितपत कारणीभूत होती हे दिसून येते.' दिसून काहीच येत नाही. प्रश्न फक्त पुन्हा लिहिला गेला. अधोरेखित शब्द उत्तरात आले की नाही एवढेच मोजले, तर असा परिच्छेद तपासणीतून सुटतो.

त्याला पकडायचा उपाय असा: जोडलेल्या वाक्यातला मुख्य शब्द बदलून पाहायचा. 'शेतसाऱ्यातील वाढ' खोडून तिथे 'कापसाची मंदी' किंवा 'सावकारी' लिहिले तरी वाक्य आणि त्याआधीचा परिच्छेद तसेच उभे राहत असतील, तर तो दुवा पोकळ आहे. 'उतरत्या भावाच्या वर्षांत वाढीव दर जड झाले' या वाक्यात 'वाढीव दर' बदलून 'सावकारी' घातले, तर वाक्याला अर्थ उरत नाही. म्हणजे ते या प्रश्नापुरतेच आहे. खऱ्या दुव्यात नेहमी काही तरी ठोस असते: एक वर्ष, एक ठिकाण, एक व्यवहार किंवा 'यामुळे', 'तरीही', 'एवढेच' असा तुलना करणारा शब्द.

आता उलट बाजूने

इथवर आपण परिच्छेदांकडून प्रश्नाकडे गेलो आणि जास्तीचे काय ते सापडले. कमी काय पडले हे या दिशेने सापडत नाही, कारण जे लिहिलेच नाही त्याच्या समासात नोंद कशी होणार? म्हणून आता प्रश्नाकडून परिच्छेदांकडे यायचे. प्रत्येक अधोरेखित शब्दाखाली, त्याचे काम करणाऱ्या परिच्छेदांचे क्रमांक लिहायचे.

'दख्खनच्या दंग्यांना' याखाली पाच येतो. 'वाढ' याखाली तीन, आणि दुवा जोडल्यावर दोन आणि चार. 'कारणीभूत' याखाली दोन, तीन, चार. आणि दुहेरी रेघेच्या 'कितपत' याखाली? सुधारलेला पाचवा सोडला तर काहीच नाही. सात परिच्छेदांच्या उत्तरात प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द जवळपास उपाशी राहिला आहे. विद्यार्थ्याने कारणे मांडली, पण तोलली कुठेच नाहीत.

वजन करायला तुलना लागते, आणि इतिहासात ती बहुतेक वेळा ठिकाणांची किंवा काळाची असते. इथे स्वतःलाच विचारायचे: जिथे सारा वाढला नव्हता, तिथे दंगे झाले का? उत्तर मिळते. नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांची पहिली आकारणी पुण्यापेक्षा उशिरा झाली होती, त्यामुळे तिची 30 वर्षे 1875 पर्यंत भरलीच नव्हती. वाढीव दर तिथे पोचले नव्हते, तरी पारनेर, श्रीगोंदा भागातल्या गावांत दंगे झाले. सारावाढ हे एकमेव किंवा आवश्यक कारण असते, तर असे झाले नसते. चार ओळींचा हा परिच्छेद 'कितपत'चे जेवढे काम करतो, तेवढे खोडलेले दोन लांब परिच्छेद मिळूनही करत नव्हते. ही माहिती विद्यार्थ्याला कदाचित होतीही. तिची गरज आहे हे त्याला रेघेखालच्या मोकळ्या जागेने सांगितले.

दुरुस्तीनंतरचे उत्तर

आता उत्तर पाच परिच्छेदांचे झाले. पहिला 30 वर्षांच्या मुदतीचा आणि फेरआकारणीचा. दुसरा मंदीत ती वाढ जड का झाली याचा. तिसरा सारा, उचल आणि रोखा यांच्या साखळीचा. चौथा सुपे आणि नगर यांच्या पुराव्याचा, त्यातच आयोगाच्या मताचे एक वाक्य. आणि पाचवा निष्कर्षाचा. तो असा लिहिता येईल:

'शेतसाऱ्यातील वाढीने पुणे जिल्ह्यातल्या रयतेचे कर्ज वाढवले आणि मंदीच्या काळात तिची कोंडी केली, म्हणून दंग्यांच्या कारणांत तिला महत्त्वाचे स्थान आहे. पण वाढ न झालेल्या नगर भागातही दंगे झाले आणि सर्वत्र रोख सावकारांच्या रोख्यांवर होता. त्यामुळे सारावाढ हे कर्जाचा भार वाढवणारे एक कारण होते. दंग्यांचे थेट कारण ते कर्ज आणि ते वसूल करण्याची पद्धत हेच होते.'

याच्याशी एखादा अभ्यासक असहमत होईल. रोकड सारा हेच कर्जाचे मूळ, असा युक्तिवाद तो करू शकेल आणि त्यालाही आधार आहे. हरकत नाही. असहमत होता येईल असे ठाम विधान या उत्तरात आता आहे. 'अनेक कारणे जबाबदार होती' या वाक्याशी असहमत होणे कोणालाच शक्य नव्हते, आणि म्हणूनच ते उत्तर नव्हते.

सरावात आणि परीक्षेत

घरी सराव करताना ही तपासणी पूर्ण करावी आणि उत्तर पुन्हा लिहून काढावे. लिहिल्या लिहिल्या तपासू नये. दुसऱ्या दिवशी तपासावे, कारण ताज्या उत्तरात मनात असलेले दुवेही कागदावर असल्यासारखे वाटतात. शक्य असेल तर समासातली वाक्ये सोबत अभ्यास करणाऱ्याकडून लिहून घ्यावीत. त्याने लिहिलेले वाक्य आणि तुम्हाला अभिप्रेत असलेले वाक्य वेगळे निघाले, तर परिच्छेदात नेमके काय कमी आहे ते तिथल्या तिथे कळते.

परीक्षेच्या खोलीत पुन्हा लिहायला वेळ नसतो. तिथे तपासणी दोन जागी विभागावी. रेघा आणि त्यांखालचे चार शब्द लिहिण्याआधी. मुद्द्यांची यादी कच्ची मांडली की प्रत्येक मुद्दा कोणत्या रेघेचा ते तिथेच पाहावे. 'कितपत'खाली मोकळी जागा असेल तर ती तेव्हाच भरते आणि 1879 च्या कायद्यासारखा मुद्दा लिहिण्याआधीच गळतो. उत्तर झाल्यावर फक्त परिच्छेदांची शेवटची वाक्ये आणि समारोप वाचावा. यासाठी प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ मोकळी सोडण्याची सवय हवी, म्हणजे राहिलेला दुवा तिथे लिहिता येतो. पूर्ण परिच्छेद खोडणे शेवटच्या मिनिटांत शहाणपणाचे नाही. एका दुव्याने तो वळवता येत असेल तर वळवावा, नाहीतर तसाच ठेवून समारोप दुरुस्त करावा.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. समासातले वाक्य परिच्छेद प्रश्नाला धरून आहे की नाही एवढेच सांगते. तो खरा आहे की नाही हे सांगत नाही. नगर जिल्ह्यातही सारा वाढला होता असे कोणी चुकून लिहिले, तर तो परिच्छेद सगळ्या कसोट्यांना उतरेल आणि निष्कर्ष साफ चुकेल. म्हणून तपासणीचा क्रम उलटा करू नये. आधी प्रश्नाला धरून काय उरते ते ठरवावे, आणि मग उरलेल्या थोड्या वाक्यांतली सने, ठिकाणे आणि आकडे पुस्तक उघडून पडताळावेत. सात परिच्छेदांतले सगळे पडताळत बसण्यापेक्षा, निष्कर्ष ज्यांवर उभा आहे ती चार-पाच विधाने पक्की करणे हे काम खूपच आटोक्यातले आहे.